फोनमध्ये ८ जीबी पुरते, मग लॅपटॉपमध्ये का नाही? रॅम किती घ्यायची ते मोजून ठरवू

यंदा गणपतीला गावी, कुडपणला गेलो होतो. पोलादपूरहून घाट चढून वर गेलं की शेलारमामांचं हे गाव लागतं, आणि पावसाळ्यात धबधबा बघायला येणाऱ्यांची गर्दी असते. आरती झाली, मोदक झाले, आणि मग माझी आत्येबहीण जवळ येऊन बसली. ती यंदा महाडला कॉलेजात जायला लागली आहे. हातात फोन, त्यावर तीन लॅपटॉपचे फोटो. "दादा, यातला कुठला घेऊ? पप्पा म्हणतात स्वस्तातला घे. दुकानदार म्हणतो १६ जीबीच घे. आणि माझ्या फोनला ८ जीबी रॅम आहे, तो तर मस्त चालतो. मग लॅपटॉपला १६ कशाला?"

प्रश्न एकदम बरोबर आहे. मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो म्हणून घरातला प्रत्येक लॅपटॉप, प्रिंटर आणि टीव्हीचा रिमोटही माझ्याकडेच येतो, पण हा प्रश्न इतक्या नेमकेपणाने पहिल्यांदाच कुणीतरी विचारला. त्यामुळे "१६ घे आणि मोकळी हो" असं न म्हणता आम्ही दोघांनी बसून मोजलंच. तेच इथे सांगतो.

तिचं काम काय, ते आधी. ब्राउझरमध्ये अभ्यास, नोट्सच्या पीडीएफ, यूट्यूबवरची लेक्चर्स, वर्डमध्ये असाइनमेंट, थोडं एक्सेल. आणि तिसरी गोष्ट म्हणजे व्हिडिओ. धबधबा, नाचणीची शेतं, गणपतीची मिरवणूक असं फोनवर शूट करून ती दोन-तीन मिनिटांचे व्हिडिओ बनवते. आत्तापर्यंत फोनवरच एडिट करत होती, आता मोठ्या स्क्रीनवर करायचं आहे. तुमच्यापैकी बऱ्याच जणांचं काम साधारण असंच असणार.

फोनचा ८ आणि लॅपटॉपचा ८ सारखा का नाही

रॅम म्हणजे चालू कामाची जागा, एवढं सगळ्यांना माहीत असतं. ५१२ जीबी स्टोरेज म्हणजे घरातलं कपाट, आणि रॅम म्हणजे ज्या ओट्यावर आत्ता भाजी चिरताय तो ओटा. ओटा लहान असला तरी स्वयंपाक होतो, पण प्रत्येक डबा वापरून लगेच परत कपाटात ठेवावा लागतो.

फरक असा, की फोन हा ओटा स्वतःच आवरत असतो, तेही तुम्हाला न विचारता. तुम्ही इन्स्टावरून कॅमेऱ्यात गेलात, तिथून व्हॉट्सअ‍ॅपवर, तर जागा कमी पडताच अँड्रॉइड मागे राहिलेलं एखादं अ‍ॅप सरळ बंद करून टाकतो. तुम्ही परत त्या अ‍ॅपवर गेलात की ते पहिल्यापासून उघडतं. म्हणून तर कधी अर्धवट भरलेला फॉर्म गायब होतो. फोनच्या स्क्रीनवर एका वेळी बहुतेक एकच अ‍ॅप असतं, त्यामुळे ही चलाखी खपून जाते.

विंडोजची रीत वेगळी आहे. वर्डची फाइल तुम्ही सकाळपासून मिनिमाइझ करून ठेवली असेल तर ती उघडीच राहणार. सेव्ह न करता विंडोजने परस्पर बंद केली तर तुम्ही लॅपटॉप खिडकीबाहेर फेकाल. मग जागा कमी पडली की विंडोज काय करतो? जे सध्या हात लागत नाही असं वाटतं त्यातलं काही तो आधी दाबून लहान करतो, आणि तेही पुरलं नाही की एसएसडीवरच्या एका फाइलमध्ये नेऊन ठेवतो. तिला पेजफाइल म्हणतात. तुम्ही परत त्या विंडोवर गेलात की तिथून उचलून रॅममध्ये आणतो.

आता तुमच्या फोनच्या खोक्यावर "८ जीबी + ८ जीबी" असं काही लिहिलंय का बघा. त्यातला दुसरा ८ म्हणजे जवळपास हीच युक्ती. ती रॅम नसते, ती स्टोरेजमधून उसनी घेतलेली जागा असते. आणि उसन्या जागेची अडचण वेगाची आहे. रॅममधून एखादी गोष्ट शोधून आणायला साधारण सेकंदाचा एक कोटीवा भाग लागतो. चांगल्या एसएसडीला त्याच्या शेकडो पट, कधी हजार पट जास्त. जुन्या फिरत्या हार्ड डिस्कला तर लाख पटीच्या आसपास. म्हणूनच जुन्या हार्ड डिस्कवाल्या लॅपटॉपमध्ये रॅम भरली की माउससुद्धा अडकायचा, आणि आताच्या एसएसडीवाल्यात तीच वेळ आली तर नुसता झटका बसल्यासारखं होतं, मग चालू राहतं. एसएसडीमुळे रॅमची कमतरता लपते, संपत नाही.

खोक्यावरचे ८, हातात किती?

आणखी एक गोष्ट विकत घेण्याआधी कुणी सांगत नाही. विद्यार्थ्यांच्या बजेटमधल्या बहुतेक लॅपटॉपमध्ये वेगळं ग्राफिक्स कार्ड नसतं. ग्राफिक्सचं काम प्रोसेसरमधलाच एक भाग करतो, आणि त्याच्याकडे स्वतःची मेमरी नसते. तो तुमच्या रॅममधूनच घेतो. काही भाग लॅपटॉप सुरू होतानाच बाजूला काढला जातो, म्हणून Task Manager मध्ये ८ ऐवजी ७.७ किंवा ७.३ असा आकडा दिसतो. कुणी फसवलेलं नसतं. बाकीचा भाग तो लागेल तसा घेत राहतो, आणि व्हिडिओ एडिट करताना नेमका तेव्हाच जास्त घेतो.

आम्ही काय मोजलं

माझ्या लॅपटॉपमध्ये ८-८ जीबीच्या दोन पट्ट्या आहेत. मी लॅपटॉप बंद करून, चार्जर काढून, मागचं झाकण उघडलं आणि एक पट्टी काढून ठेवली. झाला ८ जीबीचा लॅपटॉप. (आत्याने बघितलं तेव्हा तिला वाटलं मी सणासुदीला लॅपटॉप मोडतोय.) तुम्हाला हे करायची गरज नाही. मित्राचा किंवा कॉलेजच्या लॅबमधला कुठलाही लॅपटॉप चालेल, फक्त तुमचं रोजचं काम त्यावर करून बघायला अर्धा तास मिळाला पाहिजे.

मोजायचं कसं? Ctrl+Shift+Esc एकत्र दाबा, Task Manager उघडेल. त्यात Performance आणि मग Memory. इथे बरेच आकडे असतात, आपल्याला दोनच हवेत. In use म्हणजे आत्ता प्रत्यक्ष वापरात असलेली रॅम, आणि Available म्हणजे लगेच देता येईल अशी. Cached चा आकडा मोठा दिसला तर घाबरू नका. ती रिकामी पडलेली जागा विंडोज फुकट जाऊ नये म्हणून वापरतो आणि मागितली की सोडतो.

पहिलं माप, लॅपटॉप रीस्टार्ट करून पाच मिनिटं काहीही न करता. ७.७ पैकी ३.३ जीबी आधीच वापरात. म्हणजे नुसतं विंडोज, अँटीव्हायरस आणि मागे चालणाऱ्या बारीकसारीक गोष्टी यांनीच जवळपास निम्मं खाल्लं. मायक्रोसॉफ्टने विंडोज ११ साठी कमीत कमी ४ जीबी रॅम सांगितली आहे. या आकड्याकडे बघून तुम्हीच ठरवा की ४ जीबीत विंडोज सुरू झाल्यावर उरतं काय. ४ जीबीचा नवा लॅपटॉप कितीही स्वस्त मिळाला तरी घेऊ नका, हे मी बिनदिक्कत सांगतो.

मग तिचा रोजचा पसारा मांडला. क्रोममध्ये चौदा टॅब, त्यात कॉलेजची साइट, तीन पीडीएफ, यूट्यूबवर एक लेक्चर चालू, व्हॉट्सअ‍ॅप वेब, जीमेल. आकडा गेला ५.७ वर. वर फोटो घातलेली तीस पानी वर्ड फाइल आणि एक एक्सेल उघडलं, ६.२. अजून दीड जीबी उपलब्ध होती आणि सगळं सरळ चालत होतं. या टप्प्यावर ती म्हणाली, "बघ, ८ पुरतात की!" आणि ते खरंच आहे. ब्राउझिंग आणि डॉक्युमेंट्स एवढंच काम असेल तर ८ जीबी पुरतात. दुकानदार काहीही म्हणो.

इथे एक आडवळण घेतो, कारण कुडपणसारख्या ठिकाणी राहणाऱ्यांना ते लागू पडतं. आत्याच्या घरी मोबाइलची रेंज एका खिडकीपाशीच नीट येते. रॅम कमी पडायला लागली की क्रोम जुने टॅब मेमरीतून काढून टाकतो. टॅबचं नाव वर दिसत राहतं, पण त्यावर क्लिक केलं की पान नेटवरून पुन्हा लोड होतं. पुण्यात मला हे जाणवतही नाही. तिच्याकडे त्या क्लिकला पान अर्धा मिनिट फिरत राहतं, आणि डेटा जातो तो वेगळाच. म्हणजे कमकुवत नेटवर्क असलेल्या घरात रॅमची कमतरता जास्त टोचते. उपाय सोपा आहे, वाचायच्या पीडीएफ टॅबमध्ये उघड्या ठेवण्याऐवजी डाउनलोड करून घ्यायच्या. आणि हो, याच कारणामुळे नेटवर चालणारे व्हिडिओ एडिटर तिच्या कामाचे नाहीत. एडिटिंग लॅपटॉपवरच व्हायला हवं.

व्हिडिओ आला की गणित का बदलतं

एडिटिंगसाठी आम्ही शॉटकट वापरलं. मोफत आहे, हलकं आहे. क्रोम, वर्ड काहीही बंद न करता त्यात धबधब्याच्या नऊ क्लिप टाकल्या, सगळ्या १०८०पी, वर एक टायटल आणि खाली संगीत. In use ७.२ जीबी. व्हिडिओ चालत होता, पण मध्येच क्रोमवर जाऊन एक टॅब उघडला तर तीन-चार सेकंद काहीच हललं नाही. परत शॉटकटवर आलो तर तिथेही तसंच.

तिचा पुढचा प्रश्न, "पण या क्लिप तर छोट्या आहेत. एक-एक ऐंशी-नव्वद एमबीची. नऊ मिळून एक जीबीसुद्धा नाही." इथेच बहुतेकांचा गोंधळ होतो, म्हणून जरा हिशोब करू.

फोन व्हिडिओ सेव्ह करताना तो खूप दाबून ठेवतो. दोन फ्रेममध्ये जे बदललं नाही ते पुन्हा लिहीतच नाही. पण एडिटरला फ्रेम दाखवायची, तिच्यावर रंग बदलायचा, अक्षरं टाकायची तर ती पूर्ण उलगडावी लागते. पापड डब्यात चळत करून मावतात, वाळत घालायचे तर अंगण लागतं, तसं. १०८०पीची एक फ्रेम म्हणजे आडवे १९२० आणि उभे १०८० ठिपके. प्रत्येक ठिपक्याला साधारण ४ बाइट धरा:

```
1920 × 1080 × 4 = 8294400 bytes
```

म्हणजे एक फ्रेम सुमारे ८.३ एमबी. सेकंदाला ३० फ्रेम, म्हणजे एका सेकंदाचे जवळपास २५० एमबी. एका मिनिटाचे १५ जीबी! एवढं साध्या लॅपटॉपच्या रॅममध्ये मावणार नाही, म्हणून एडिटर आसपासच्या थोड्याच फ्रेम उलगडून ठेवतो आणि पुढे सरकेल तसा जुन्या टाकून देतो. जागा जेवढी जास्त, तेवढ्या जास्त फ्रेम हाताशी. दोन क्लिप एकावर एक ठेवल्या तर दोन्ही उलगडाव्या लागतात. आणि ४के असेल तर ठिपके चौपट, म्हणजे एक फ्रेम ३३ एमबीची आणि एक सेकंद जवळपास १ जीबीचा.

म्हणून क्लिपची फाइल किती एमबीची आहे यावरून रॅम ठरत नाही. रिझोल्यूशन किती, आणि एका वेळी किती थर, यावरून ठरते.

आम्ही ४केची एक क्लिप टाकून बघितली. क्रोम उघडंच होतं. व्हिडिओ अडखळायला लागला, आणि आकडा ७.४ वर जाऊन थांबला. हे "थांबणं" महत्त्वाचं आहे. ७.४ म्हणजे कामाला ७.४ लागतात असं नाही. जागाच संपल्यामुळे बाकीचं पेजफाइलमध्ये ढकललं जातंय. ८ जीबीच्या लॅपटॉपवर नुसतं In use बघून खरी गरज कळत नाही, ती छताला टेकलेली असते.

मग कळायचं कसं की अडचण रॅमचीच आहे?

कारण दरवेळी ती रॅमचीच असते असं नाही. व्हिडिओ अडखळतोय आणि Task Manager मध्ये CPU १०० टक्क्यांवर आहे, पण Memory ६० टक्क्यांवर, तर प्रोसेसरला फ्रेम उलगडायचं कामच झेपत नाहीये. अशा वेळी ८ ची १६ केली तरी फरक पडणार नाही. पैसे वाया.

रॅमची खूण दुसरीच. स्टार्ट मेनूत Resource Monitor टाइप करून ते उघडा, Memory टॅबवर जा. उजवीकडे Hard Faults/sec नावाचा आलेख असतो. नाव भीतीदायक आहे, पण बिघाड काही नसतो. हवी ती गोष्ट रॅममध्ये सापडली नाही म्हणून डिस्कवरून आणावी लागली, असं सेकंदाला किती वेळा झालं, एवढंच तो सांगतो. एखादं अ‍ॅप नव्याने उघडताना तो उसळणारच, तेव्हा दुर्लक्ष करा. पण सगळं उघडून झालंय, तुम्ही नुसतं एका विंडोतून दुसरीत ये-जा करताय, आणि दरवेळी आलेख शेकड्यांत उसळतोय, Available चा आकडा काही शे एमबीवर आलाय, तर रॅम कमी पडतेय हे नक्की. आमच्याकडे शॉटकट आणि क्रोम एकत्र असताना नेमकं हेच दिसत होतं.

मग क्रोम पूर्ण बंद केलं. आकडा ५.४, आलेख शांत, १०८०पीचा व्हिडिओ सरळ चालला आणि एक्सपोर्टही झाला. ४केच्या क्लिपसाठी शॉटकटच्या Settings मध्ये Proxy नावाची सोय आहे, ती चालू केली. यात एडिटर मोठ्या क्लिपची एक छोटी नक्कल बनवतो, तुम्ही एडिट त्या नकलेवर करता, आणि शेवटी एक्सपोर्ट मात्र मूळ क्लिपमधून होतं. नक्कल बनायला थोडा वेळ जातो, पण नंतर ४केसुद्धा ८ जीबीत हलायला लागलं.

शेवटी काढलेली पट्टी परत बसवली आणि तोच सगळा पसारा पुन्हा मांडला. क्रोम, वर्ड, एक्सेल, शॉटकट, १०८०पीच्या नऊ क्लिप. १५.७ पैकी ९.६ जीबी. आलेख सपाट. म्हणजे तिची खरी गरज साडेनऊ-दहा जीबीची होती, ती ७.७ मध्ये कोंबली जात होती. आकडा ८ पेक्षा थोडा जास्त आणि १६ पेक्षा बराच कमी, हे लक्षात घ्या. तिला ३२ कुणी विकायला आलं तर हात जोडायचे.

दा विंची रिझॉल्व्ह वापरायचं असेल तर मात्र वेगळी गोष्ट. त्याची मोफत आवृत्तीही जबरदस्त आहे आणि यूट्यूबवर सगळे तेच शिकवतात, म्हणून मुलं तेच डाउनलोड करतात. ते बनवणारी कंपनी स्वतःच विंडोजसाठी १६ जीबी सांगते, आणि त्यातलं फ्यूजन वापरायचं तर ३२. एका पट्टीवर आम्ही ते उघडून बघितलं. उघडलं, पण प्रत्येक क्लिकला विचार करत होतं.

आता तीन लॅपटॉप

तिच्या फोनवरचे तीन पर्याय असे होते. पहिला पातळ, देखणा, ८ जीबी. दुसरा जरा जाडजूड, ८ जीबी. तिसरा पातळ, १६ जीबी आणि बजेटच्या बाहेर. प्रोसेसर तिन्हीत साधारण एकाच दर्जाचे.

कागदावर पहिला आणि दुसरा सारखेच दिसतात. पण पहिल्यात रॅम मदरबोर्डवर डाग देऊन पक्की बसवलेली होती आणि जादा स्लॉट नव्हता. म्हणजे आज ८, तर चार वर्षांनीही ८. दुसऱ्यात ८ जीबीची एक सुटी पट्टी आणि शेजारी एक स्लॉट रिकामा. तिचा हिशोब साडेनऊ-दहाचा, आणि कॉलेज पुढे तीन-चार वर्षं. म्हणून पहिला लगेच बाद. रॅम स्वस्तातली असली तरी एकवेळ चालते, पण ती वाढवताच येत नाही हे चालत नाही.

हे दुकानात कसं ओळखायचं? डेमोचा लॅपटॉप चालू असेल तर तेच Task Manager, तेच Memory, आणि खाली Slots used आणि Form factor बघा. 1 of 2 आणि SODIMM दिसलं तर बहुधा एक जागा रिकामी आहे. Row of chips दिसलं तर रॅम चिकटवलेली आहे. काही लॅपटॉपमध्ये अर्धी चिकटवलेली आणि एक स्लॉट असंही असतं, आणि हा आकडा कधीकधी चुकीचाही येतो. त्यामुळे मॉडेलचा पूर्ण नंबर घेऊन कंपनीच्या साइटवरचं स्पेसिफिकेशनचं पान उघडा आणि तिथे "soldered" किंवा "onboard" हे शब्द शोधा. एकाच नावाच्या लॅपटॉपचे चार-चार प्रकार असतात, म्हणून नाव नाही, नंबर.

नंतर पट्टी घेताना तीन गोष्टी जुळल्या पाहिजेत. लॅपटॉपची पट्टी छोटी असते, डेस्कटॉपची लांब. हसू नका, इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला मी स्वतः ऑनलाइन स्वस्त दिसली म्हणून डेस्कटॉपची पट्टी मागवली होती आणि ती लॅपटॉपजवळ धरल्यावर कळलं. दुसरं, डीडीआर४ च्या जागी डीडीआर५ बसत नाही, खाचच वेगळ्या ठिकाणी असते. तिसरं, शक्यतो आधीच्या पट्टीएवढीच आणि तेवढ्याच वेगाची घ्या. ८ च्या जोडीला ८. दोन सारख्या पट्ट्या असल्या की प्रोसेसर दोन्हींशी एकाच वेळी बोलतो, आणि ज्या लॅपटॉपमध्ये वेगळं ग्राफिक्स कार्ड नाही तिथे याचा फायदा व्हिडिओ चालवताना दिसतो. आणि झाकण उघडण्याआधी वॉरंटीचं काय ते कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला विचारून घ्या, हे नियम कंपनीगणिक बदलतात. रॅमचे भाव वर-खाली होत असतात, म्हणून इथे किंमत लिहीत नाही. लॅपटॉप घेतानाच पट्टीचा भाव विचारा आणि "दुसरा लॅपटॉप अधिक पट्टी" ही बेरीज तिसऱ्या लॅपटॉपच्या किमतीशी ताडून बघा. कधी फरक इतका कमी असतो की सरळ १६ वालाच परवडतो.

आमच्या हिशोबात तसं झालं नाही. बेरीज बरीच कमी भरली, म्हणून मामांना दुसरा सांगितला, जाडजूड. तिला तो दिसायला आवडला नव्हता, हे मान्य करायला हवं. आत्ता ती ८ जीबीवरच काम करते. नियम एकच ठेवलाय, एडिटिंगला बसताना क्रोम बंद. दिवाळीला घरी गेलो की दुसरी पट्टी बसवून देईन, तोपर्यंत Resource Monitor चा स्क्रीनशॉट ती मला दर रविवारी पाठवते. मागच्या रविवारी आलेख उसळलेला होता. विचारलं तर म्हणाली, "दादा, क्रोम बंदच होतं. पण एज उघडं होतं."